बारा रोपांचे गणित : मुलांच्या वृक्षारोपणाविषयी थोडे

१९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा आणि वृक्षारोपण यांची सांगड बसली आहे. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थीही त्याच सुमारास खेड्यांतील प्राथमिक शाळांत जाऊन मुलांच्या हातून रोपे लावून घेतात. या दिवसाची आखणी मालवणच्या किनारपट्टीवर कशी करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून जुलैत लावलेले रोप पहिले दोन महिने कोणी काही न करताही हिरवे दिसते. त्याची खरी परीक्षा फेब्रुवारीपासून पुढे सुरू होते. जांभ्या कातळावरचा मातीचा थर पातळ, त्यातून पाणी झरून जाते आणि मे महिन्यात विहिरीही तळाला जातात. नेमक्या त्याच महिन्यात शाळेला सुट्टी असते. तेव्हा ‘किती रोपे लावावीत?’ या प्रश्नाचे उत्तर जुलैत शोधू नये. ‘मे महिन्यात किती रोपांना पाणी घालता येईल?’ असे विचारून मागे यावे.

रोपांची संख्या

उदाहरणादाखल सड्याच्या कडेची एक शाळा घेऊ. दुसरी ते चौथीची मुले ३६, प्रत्येक वर्गात १२. विहीर पन्नास पावलांवर. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा दहा लिटर पाणी मिळाले पाहिजे. लहान मूल चार लिटरची कळशी न सांडता नेऊ शकते. ३६ रोपे लावली तर एका वेळी ३६० लिटर, म्हणजे ९० खेपा. सहा मुलांच्या गटाला प्रत्येकी पंधरा. हे दोन दिवसही टिकणार नाही. रोपे १२ असतील तर १२० लिटर, म्हणजे ३० खेपा, प्रत्येकी पाच. हे होण्यासारखे आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक झाड’ ही घोषणा ऐकायला गोड असली, तरी या शाळेला बारा झाडेच परवडतात.

रोपांची निवड

काय लावावे हे गावच्या देवराईत जाऊन पाहावे. रवळनाथाच्या किंवा सातेरीच्या रानात पाणी न घालता जे उभे आहे, ते आपल्या मातीचे. शाळेची समुद्राकडची बाजू खाऱ्या वाऱ्याची. तेथे उंडी आणि करंज लावावेत. उंडीची जाड, चिवट पाने खारा वारा सोसतात. नाजूक पानांच्या झाडांची टोके तेथे करपतात. इमारतीच्या आडोशाला बकुळ, म्हणजे आपली ओवळ, आणि जांभूळ चालेल. रातांब्याला सुरुवातीची वर्षे सावली हवी, म्हणून तो मागच्या अंगाला. मात्र बियांपासून केलेल्या रातांब्याच्या रोपांत फळ न धरणारी नरझाडे बरीच निघतात. तेव्हा फळे हवी असतील तर मादीझाडाचे कलमच आणावे. आपल्या बारांत चार उंडी, तीन करंज, दोन बकुळी, दोन जांभळी आणि एक रातांबा, अशी वाटणी बसते.

रोपवाटिकेत उंच रोप उचलण्याचा मोह होतो. चार फुटांच्या काटकुळ्या रोपापेक्षा पेन्सिलीएवढ्या जाड खोडाचे दीड-दोन फुटांचे रोप चांगले. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आले असेल, तर ते आत गुंडाळलेलेही असते. असे रोप घेऊ नये. सावलीत वाढलेली रोपे लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस उघड्यावर ठेवावीत.

खड्डा आणि लावणीचा दिवस

खड्डे मे महिन्यातच, दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल काढावेत. हे काम मोठ्यांचे. पहिल्या मोठ्या पावसानंतर खड्ड्यांची पाहणी करावी. कातळातला खड्डा घंगाळासारखा पाणी धरतो. दिवसभरानंतरही पाणी उभे दिसले, तर एका बाजूने पाट काढावा किंवा जागा बदलावी. मुलांनी लावणीच्या दिवशी तीन कामे करावीत : पिशवी कापून पूर्ण काढणे, मुळाभोवतीची माती न फुटू देता रोप बसवणे, आणि माती दाबून बुंध्याशी जमिनीपेक्षा थोडा उंचवटा करणे. पिशवी तशीच पुरली जाणे ही घाईच्या समारंभात नेहमी घडणारी गोष्ट आहे. म्हणून शेवटी कापलेल्या पिशव्या मोजाव्यात. बारा रोपे, तर बारा पिशव्या हातात आल्या पाहिजेत.

पाळ्या

कामे दोन प्रकारची, म्हणून याद्याही दोन. पहिली देखरेखीची : प्रत्येक झाडाला तीन मुले, दुसरीतले एक, तिसरीतले एक, चौथीतले एक. जूनमध्ये चौथीचे मूल शाळा सोडून गेले तरी झाडाला ओळखणारी दोन मुले उरतात. दुसरी यादी पाणीपाळीची : सहा सहांचे सहा गट. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा आणि फेब्रुवारीपासून दोनदा पाणी, म्हणजे उन्हाळ्यातही एका गटाची पाळी तीन आठवड्यांनी येते.

मे महिन्याची यादी मात्र वेगळीच करावी लागते. बरीच मुले आजोळी जातात. एप्रिलमध्येच विचारून गावात राहणारी मुले वाडीप्रमाणे लिहून घ्यावीत. समजा चौदा उरली, तर सातांचे दोन गट होतात, आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा चार-पाच खेपा पडतात. सुट्टीत आलेल्या चाकरमान्यांची मुलेही या यादीत बसतात. दिवाळीच्या सुट्टीचीही अशीच छोटी यादी हवी, कारण पाऊस थांबून ऊन तापू लागलेले असते. गणपतीच्या सुट्टीला यादी नको. तेव्हा पाऊस असतो.

भेटी

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी चार भेटी आधीच ठरवाव्यात. ऑगस्टमध्ये साचलेले पाणी आणि वाऱ्याने कललेली रोपे पाहावीत. ऑक्टोबरअखेर कुंपण पाहावे, कारण भात कापून झाले की गुरे मोकळी सुटतात. काट्यांचे कुंपण तोवर कुजलेले असते, चिऱ्यांचा गडगा टिकतो. फेब्रुवारीत रोपाभोवतीचे तीन फूट गवत काढावे, म्हणजे सड्यावरचा वणवा बुंध्याशी पोचणार नाही. मेच्या मध्यास पाणीपाळी चालू आहे ना, हे पाहून मोजणी करावी. यांतल्या शेवटच्या दोन भेटी आपल्या परीक्षेच्या तयारीत आणि सुट्टीत बुडतात. म्हणून त्यांसाठी त्याच गावात राहणारा विद्यार्थी नेमावा.

मोजणीत पाने गळलेले रोप मेलेले धरू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे ओले दिसले तर रोप जिवंत आहे. टोकाकडे कोरडे लागले तर खाली बुंध्याशी पुन्हा पाहावे.

मेलेल्या रोपापुढे वहीत महिना लिहावा, कारण कारणाचा माग बहुधा महिन्यावरून लागतो. ऑगस्टमध्ये खालची पाने पिवळी पडत गेले, तर मुळाशी पाणी साचले. नोव्हेंबरात शेंडा खुडलेला दिसला, तर गुरे. एप्रिलमध्ये उभे वाळले, तर पाणी कमी पडले. मात्र बुंध्यावर मातीचे पापुद्रे असतील तर वाळवी. समजा बारांपैकी तीन गेली : एक ऑगस्टमध्ये, दोन नोव्हेंबरात. नऊ जगली, म्हणजे पाऊणपट. या वहीवरून पुढच्या वर्षीचे काम ठरते. एका खड्ड्याला पाट काढायचा आणि गडगा हातभर उंच करायचा; पाणीपाळी चोख झाली आहे, तिला हात लावायचा नाही. पुढच्या जूनमध्ये नवी रोपे फक्त तीनच आणावीत आणि ती त्याच तीन जागी लावावीत. कारण जुन्या नवांना दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी लागणार आहे, आणि कळश्या तेवढ्याच आहेत.