निवडुंगातले मेस्कलिन एलएसडीपेक्षा सौम्य असते का?

प्रश्न: पेयोटी निवडुंगातले मेस्कलिन नैसर्गिक, म्हणून सौम्य आणि कायदेशीर असते का?

उत्तर: नाही. बाझेल येथील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत त्याच निरोगी व्यक्तींना मेस्कलिन आणि एलएसडी ही दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या दिवशी दिली. मेस्कलिनचा अंमल सरासरी सुमारे 11 तास, एलएसडीचा सुमारे 8 तास टिकला; अनुभवाच्या स्वरूपात मात्र ठळक फरक आढळला नाही. दोन्ही मेंदूतल्या एकाच सेरोटोनिन ग्राहीवर काम करतात. मेस्कलिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये शेकड्यांनी लागते, एलएसडीची मायक्रोग्रॅममध्ये. पण कमी तीव्रतेचे द्रव्य म्हणजे सौम्य अनुभव नव्हे. अमेरिकेत आदिवासींच्या पारंपरिक विधींपुरती पेयोटीला 1994 पासून कायद्याने मुभा आहे, हा आक्षेप रास्त. पण ती सवलत धर्माचरणाला आहे, सुरक्षिततेचा दाखला नव्हे. भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मेस्कलिन आणि एलएसडी दोन्ही आहेत.