छायाचित्रांवरून सत्रांचे वेळापत्रक

नरोलीहून संमेलनाला निघालेल्या आम्हा शिक्षकांकडे छापील कार्यक्रमपत्रिका नव्हती. मोबाइलवर आलेली तिच्या पानांची छायाचित्रे तेवढी होती. त्यांवरून वेळ, सभागृह आणि विषय यांनुसार वेळापत्रक करायचे काम माझ्याकडे आले.

प्रत्येक सत्राला एक ओळ दिली. या तीन रकान्यांखेरीज दिनांक आणि मूळ पान यांचेही रकाने केले. दिनांक वगळून चालत नाही. दिल्लीचे ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २१ ते २३ फेब्रुवारी २०२५ असे तीन दिवस चालले. अशा पत्रिकेत ‘सकाळी १०’ पुन्हा पुन्हा येणारच.

पहिल्यांदा क्रम लावला तेव्हा सकाळी ९.३० चे सत्र तळाशी गेले. संगणकाने वेळ मजकूर म्हणून वाचली होती : आधी १ ने सुरू होणारे, मग २ चे, शेवटी ९ चे. म्हणून `09:30`, `14:00` अशी चोवीस तासांची रूपे एकाच लिपीतील अंकांत लिहिली.

दुसरी चूक माझ्या डोळ्यांची. अंधुक छायाचित्रात १ आणि ९ यांत फरक कळेना. सभागृहानुसार क्रम लावला, तेव्हा एक सत्र ९.०० ते २.३० असे साडेपाच तासांचे निघाले आणि त्याच सभागृहातील सकाळच्या सत्रांवर चढले. पान रकान्यातून मूळ छायाचित्र काढून मोठे करून पाहिले, तिथे १.०० होते. सभागृहाचे नाव फक्त पहिल्या पानाच्या माथ्यावर होते, ते पुढच्या पानांच्या ओळींत हाताने भरावे लागले.