स्लाइड पाठ नको, देगीचा निर्णय विचारा
खाद्य सुरक्षा प्रशिक्षणासाठी प्रसंगावर आधारित प्रश्न कसे काढावेत

लग्नाच्या जेवणाची ऑर्डर घेणारे, हॉटेल व बेकरी चालविणारे आपले बरेच व्यावसायिक आता फॉस्टॅक प्रशिक्षणाला ओळखतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या या योजनेनुसार परवानाधारक व्यवसायात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो. वर्गात पडद्यावर स्लाइड दाखविल्या जातात आणि शेवटी परीक्षा होते. आपल्या कारागिरांची तयारी करून घेणारा मालक किंवा अनुभवी बावर्ची घरीच सराव परीक्षा घेऊ इच्छितो, पण त्याचे प्रश्न बहुधा असे असतात : "गरम अन्न किती अंशांवर ठेवावे?" मुलगा "६०" म्हणतो आणि पास होतो. निकाहला उशीर झाला व देग थंड होऊ लागली की मात्र तोच मुलगा गोंधळतो. म्हणून प्रश्न प्रसंगातून काढावा. तो कसा काढायचा आणि त्याला गुण कसे द्यायचे, हे एकाच उदाहरणातून पाहू.

प्रथम स्लाइडमधून निर्णयाची वाक्ये वेगळी काढावीत. केटरिंगच्या भागात अशी तीन वाक्ये आहेत. गरम वाढायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे. या तापमानातून बाहेर पडलेले अन्न दोन तासांत संपवावे. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७५ अंश यायला हवेत. व्याख्या, कायद्याचे नाव, चित्रे हे सारे बाजूला ठेवावे. त्यातून पाठांतराचे प्रश्न निघतात, प्रसंग निघत नाही. त्यानंतर जिथे ही तिन्ही वाक्ये एकमेकांना भिडतात, असा आपल्या धंद्यातला प्रसंग रचावा.

हा घ्या प्रसंग. मे महिना, अमरावतीचा हॉल. चिकन बिर्याणीच्या दोन देगी ११.३० वाजता दमावरून उतरल्या. अकोल्याची बारात लांबली. पहिल्या देगीचे झाकण वाढपासाठी उघडले गेले. तिच्या मध्यभागी १२ वाजता ७२ अंश, १२.३० ला ६५ अंश आणि १ वाजता ५४ अंश अशी नोंद आहे. दुसरी देग कणकेने बंद, निखाऱ्यावर आहे. आता २ वाजले आहेत व जेवण ३ वाजता सुरू होणार आहे. कामगाराने पहिल्या देगीखाली थोडे निखारे सरकवले असून तिच्या वरच्या थरात काटा ६२ दाखवतो. मालक म्हणतो, "दुसऱ्या देगीत मिसळून टाका, पाहुणे दोनशे आहेत."

याच प्रसंगावर तीन प्रश्न विचारता येतात.

सोपा, २ गुण : पहिली देग मर्यादेखाली गेल्याची पहिली नोंद कोणत्या वेळेची आणि ती मर्यादा किती? इथे एकच वाक्य माहीत हवे व कागदावरचा आकडा वाचता यायला हवा. उत्तर : १ वाजता, ६० अंश. प्रत्येकी एक गुण.

मध्यम, ४ गुण : या देगीतील अन्न किती वाजेपर्यंत वापरता येईल? दोन तास कुठून मोजले ते लिहा. उत्तर २.३० आहे. १२.३० ही शेवटची सुरक्षित नोंद. त्यानंतर देग नक्की केव्हा ६० खाली आली हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून मोजणी तिथूनच सुरू करावी. सुरुवातीची वेळ १२.३० लिहिली तर १ गुण, तिचे कारण दिले तर २, शेवटची वेळ बरोबर असेल तर १. ज्याने १ वाजल्यापासून मोजून ३ वाजेपर्यंत म्हटले, त्याची बेरीज बरोबर आहे, म्हणून शेवटचा १ गुण द्यावा. बाकी देऊ नयेत.

कठीण, ६ गुण : २ वाजता तुम्ही सुपरवायझर आहात. निर्णय घ्या आणि कामगारांना काय सांगाल ते लिहा. अपेक्षित उत्तर असे : देगी मिसळायच्या नाहीत (१). वरच्या थरातील ६२ म्हणजे मध्यभागाचे तापमान नव्हे, शिवाय गरम करताना ६० नव्हे तर ७५ अंश लागतात (१). अन्न लहान भांड्यांत काढून २.३० च्या आत मध्यभागी ७५ अंश आणायचे (२). तोवर झाले नाही तर ते टाकून द्यायचे (१). झाले तर जेवणापर्यंत ६० च्या वर ठेवून नोंद लिहायची (१).

कठीणपणा कुठून आला ते पाहावे. शब्द अवघड केलेले नाहीत. तीन नियम एकत्र लावावे लागतात, ६२ हा आकडा फसवा आहे, मालकाचा दबाव आहे, आणि दोनशे पाहुण्यांचा निर्णयाशी संबंध नाही. प्रश्न सोपा करायचा असेल तर यातले एकेक काढत जावे.

गुण देताना दोन उत्तरे आधीच ठरवून ठेवावीत. कोणी लिहिले, "देग आताच फेकून द्या". हे सुरक्षित आहे, पण नुकसान टाळता येत होते; कारण दिले असेल तर ४ गुण द्यावेत. कोणी लिहिले, "मिसळा" किंवा "६२ आहे, तसेच ३ वाजता वाढा", तर बाकी काहीही लिहिले असले तरी २ पेक्षा जास्त गुण नाहीत, कारण या चुकीने माणसे आजारी पडतात. भातातील बॅसिलस सेरियस या जंतूचे बीज उकळण्यातही टिकते. भात कोमट राहिला की ते वाढते, आणि त्याने सोडलेले उलटीचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. "उशिरा का होईना, चांगले तापवून वाढू" हे उत्तर म्हणूनच चूक ठरते. परीक्षकाला हे कारण मार्गदर्शिकेतच लिहून द्यावे, नाहीतर तो अशा उत्तराला दया दाखवतो.

भाषेचे गुण कापू नयेत. मुलगा उर्दूत, मराठीत किंवा तोंडी सांगेल. वेळ, अंश आणि कृती बरोबर आली की पुरे. परीक्षा पर्यायांची असेल तर वरील चुकीची उत्तरेच पर्याय म्हणून ठेवावीत : "३ वाजेपर्यंत", "६२ आहे, चालेल", "मिसळा". मनाने रचलेले हास्यास्पद पर्याय कोणी निवडत नाही आणि प्रश्न फुकट जातो.

शेवटी प्रश्नाचीच परीक्षा घ्यावी. प्रशिक्षण न घेतलेल्या एका जुन्या बावर्चीला आणि प्रशिक्षण घेतलेल्या एका मुलाला तो सोडवायला द्यावा. बावर्चीला कठीण प्रश्नात पूर्ण गुण मिळाले, तर तो प्रश्न स्लाइड तपासत नाही, नुसता अनुभव तपासतो. शिकलेला मुलगा सोप्यात अडकला, तर बहुधा आपले वाक्य गुंतागुंतीचे आहे. मग एकच उत्तरपत्रिका दोघांनी वेगवेगळी तपासावी. सहा गुणांत एकापेक्षा अधिक फरक पडला, तर दोष परीक्षकाचा समजू नये. मार्गदर्शिकेतील त्या मुद्द्याचे वाक्य पुन्हा लिहावे.

एका देगीवरचा असा एक प्रसंग नीट जमला, की दह्याची कोशिंबीर, फ्रिजमधले कच्चे मटण, बेकरीतील क्रीम यांवरही याच रीतीने प्रश्न काढता येतील. थंड पदार्थांसाठी मर्यादा ५ अंशांची आहे, तेवढे मात्र बदलायला विसरू नये.