केळी-सफरचंदाशेजारी कोणत्या भाज्या ठेवू नयेत?

आठवडी बाजारातून आणलेली अर्धा डझन पिकलेली केळी, दोन सफरचंदे, मेथीची जुडी, काकड्या आणि गाजरे आपण एकाच पिशवीत तशीच ठेवून देतो. दोन-तीन दिवसांनी मेथी पिवळी पडते. दोष बहुधा भाजीला दिला जातो. परंतु पुष्कळदा त्याचे कारण शेजारच्या फळांत असते.

पिकू लागलेली केळी व सफरचंदे इथिलीन नावाचा वायू बाहेर टाकतात. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. हिरव्या कच्च्या केळ्यातून तो अत्यल्प निघतो. पिकण्यास सुरुवात झाली की प्रमाण एकदम वाढते. मार लागलेल्या फळातूनही तो जास्त निघतो. उघड्या टोपलीत वायू हवेत विरून जातो. पण बांधलेली पिशवी, झाकणाचा डबा किंवा फ्रिजचा कप्पा यांत तो साठतो.

मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी, फुलकोबी व काकडी यांतील हिरवा रंग या वायूमुळे लवकर नाहीसा होतो. कोबी-फुलकोबीची पानेही गळतात. गाजराची गोष्ट वेगळी आहे. ते वरून चांगले दिसते, पण चवीला कडू होते. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचा अर्धा भाग असला, तरी साठवणीत सुमारे दोन आठवड्यांत हा कडूपणा जाणवतो. तो सालीत अधिक असल्याने असे गाजर जाड सोलून घ्यावे. ढोबळी मिरचीला मात्र या वायूचा फारसा त्रास होत नाही.

भाजी खराब होण्याचे प्रत्येक कारण इथिलीन नव्हे. पाने हिरवी असून मलूल झाली असतील, तर पाणी कमी झाले आहे. अशी भाजी पाण्यात बुडवून ठेवल्यास पुन्हा ताजी होते. पाने ताठ असूनही पिवळी पडली, तर इथिलीनची शंका घ्यावी. पिवळेपणा पाण्याने जात नाही.

खात्री करून पाहायची असल्यास एकाच वेलावरच्या, एकाच दिवशी तोडलेल्या दोन काकड्या घ्याव्यात. एक काकडी पिकलेल्या केळ्यासह झाकणाच्या डब्यात ठेवावी व दुसरी तशाच डब्यात एकटी ठेवावी. दोन्ही डबे एकाच जागी ठेवून रोज रंग पाहावा. केळ्याबरोबरची काकडी आधी पिवळी पडू लागेल.

घरी केळी फ्रिजबाहेर, उघड्या टोपलीत किंवा टांगून ठेवावीत. थंडीने त्यांची साल काळी पडते. सफरचंदे फ्रिजमध्ये ठेवायची असल्यास त्यांचा कप्पा भाज्यांपासून वेगळा असावा. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळून दुसऱ्या कप्प्यात ठेवावी. फ्रिज एकच असेल व जागा नसेल, तर आधी पालेभाजी संपवावी, गाजरे नंतर वापरावीत. थंडीने इथिलीनचा परिणाम मंदावतो, पण थांबत नाही, हे लक्षात ठेवावे.