रबर, तार आणि डोंग्याचा दोर : ताणणं वेगळं, तुटणं वेगळं

मंडळी, पावसाळ्यात जाम किंवा कन्हान नदीला पाणी चढलं की काठावर बांधलेल्या डोंग्याची काळजी लागते. मग कोणी म्हणतं, "दोर काढा, कुंपणाची जाड तार बांधा, ती ताणत नाही, म्हणजे मजबूत." आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागांमुळे कुंपणाची तार सहज मिळते, म्हणून हा सल्ला पटतोही. पण "ताणत नाही" आणि "मजबूत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक घरच्या घरी रबर आणि तार घेऊन समजून घेऊ. पोरांना जवळ बसवा, त्यांच्या पुस्तकातलाही हा धडा आहे.

आधी रबर

एक रबरबँड कापून सरळ पट्टी करा. वरचं टोक खिळ्याला बांधा आणि खाली पिशवी अडकवा. पट्टीवर पेनाने 10 सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. आता पिशवीत 200 ग्रॅम वजन टाका आणि खुणांमधलं अंतर मोजा. समजा 15 सेंटिमीटर भरलं. तुमच्या रबराप्रमाणे आकडा कमीजास्त येईल.

आता तसल्याच दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बांधून तेच 200 ग्रॅम लटकवा. या वेळी ताण निम्म्याच्या आसपास येईल. वजन तेच आहे, पण ते दोघींत वाटलं गेलं. म्हणजे नुसतं वजन पाहून चालत नाही, ते किती जाडीवर पडतं तेही पाहावं लागतं. वजनाला कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागलं की जे येतं त्याला स्ट्रेस म्हणतात. पुस्तकात त्याला प्रतिबल असा शब्द आहे. पट्टीचं तोंड 2 मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड असेल, तर क्षेत्रफळ 3 चौरस मिलिमीटर. 200 ग्रॅम भागिले 3, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर साधारण 67 ग्रॅम.

दुसरी गोष्ट. 10 सेंटिमीटरची पट्टी 5 सेंटिमीटर वाढली. त्याच रबराची 20 सेंटिमीटरची पट्टी घेतली, तर त्याच वजनाला ती 10 सेंटिमीटर वाढेल. वाढ दुप्पट झाली, पण मूळ लांबीही दुप्पट होती. दोन्हीकडे वाढ मूळ लांबीच्या निम्मीच आहे. वाढीला मूळ लांबीने भागलं की स्ट्रेन मिळतो, पुस्तकातला शब्द विकृती. म्हणजे स्ट्रेस हे मालावर काय पडलं त्याचं माप, आणि स्ट्रेन हे माल त्यामुळे किती ताणला त्याचं माप.

आता तार

सळ्या बांधायची मऊ तार घ्या. तिचं तोंड 1 चौरस मिलिमीटर आणि लांबी 1 मीटर धरा. तिला 1 किलो लटकवलं तर ती फक्त 0.05 मिलिमीटर वाढते. हे डोळ्याला दिसणारच नाही. थोडक्यात, तारेला थोडा स्ट्रेन द्यायलाही खूप स्ट्रेस लागतो. या गुणाला ताठपणा म्हणू. रबराच्या मानाने पोलादाचा ताठपणा एक लाख पटीच्याही वर जातो.

मग ताठ तेवढं मजबूत का? नाही. सळ्या बांधायची तार आणि सायकलच्या स्पोकची तार, दोन्ही पोलादच. दोन्ही सारख्या जाडीच्या घेऊन हलकं वजन लटकवलं तर दोन्ही जवळपास सारख्याच ताणतील, कारण ताठपणा सारखा आहे. वजन वाढवत गेलो तर मात्र मऊ तार दर चौरस मिलिमीटरला 35-40 किलोच्या आसपास तुटते आणि स्पोकची तार त्याच्या दुपटीहून जास्त पेलते. किती स्ट्रेसला माल तुटतो, ती त्याची मजबुती.

आपल्या रोजच्या वापरातला नायलॉन पाहा. 1 मिलिमीटर व्यासाची नायलॉनची चांगली एकेरी दोरी आणि तेवढ्याच व्यासाची मऊ तार घ्या. दोन्ही 1 मीटर लांब, दोन्हीला 5-5 किलो लटकवा. तार वाढेल 0.3 मिलिमीटर, नायलॉन वाढेल सुमारे 3 सेंटिमीटर, म्हणजे शंभर पट. बघणारा म्हणेल नायलॉन कच्चा. पण तार 30 किलोच्या आसपास तुटते आणि ते नायलॉन तेवढं किंवा त्याहून जास्त पेलतं. मजबुती बरोबरीची, ताठपणा शंभरावा हिस्सा.

डोंग्याला काय बांधायचं?

समजा सामानासकट 300 किलोचा डोंगा पाण्याच्या लोंढ्यात दर सेकंदाला 1 मीटर वेगाने वाहत गेला आणि बांधण संपल्यावर थांबला. त्याची गती मोडायची तर ओढ लागतेच. किती, ते थांबायला किती अंतर मिळतं त्यावर ठरतं.

दोर नायलॉनचा असेल, 10 मिलिमीटर जाड आणि 10 मीटर लांब, तर तो ताणत-ताणत साधारण 30 सेंटिमीटर जाईल. मग सरासरी ओढ येते 50 किलो आणि शेवटच्या क्षणी 100 किलोच्या आसपास. असा नवा दोर दीड-दोन टन पेलतो, त्याला काही होत नाही.

त्याच जागी 4 मिलिमीटर जाड कुंपणाची तार असेल आणि डोंगा 3 सेंटिमीटरमध्येच थांबला, तर सरासरी ओढ होते 500 किलो. त्या तारेचं तोंड साडेबारा चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर 40 किलो. मऊ तार इथेच हात टेकते. तार टिकलीच तर तीच 500 किलोची ओढ डोंग्याच्या कड्यावर आणि काठावरच्या खुंट्यावर येते. अशा वेळी कडा फळीसकट उपटून येतो. तार तशीच राहते आणि डोंगा जातो.

म्हणून जिथे झटका बसतो तिथे ताणणारा आणि मजबूत, म्हणजे नायलॉन. जाळ्याच्या वरच्या दोराचं उलट आहे. तो ताणला तर आसांचा आकार बिघडतो, तिथे कमी ताणणारा दोर बरा.

नायलॉनलाही मर्यादा आहेत. ओला झाला की तो थोडा कमजोर होतो, उन्हाने वर्षागणिक कुजतो, आणि गाठ मारलेल्या जागी मजबुती निम्म्याच्या जवळ येऊ शकते. तपासायचं असेल तर दोरावर 1 मीटर अंतरावर दोन खुणा करा. ओढ काढून थोडा वेळ सैल ठेवल्यावर पुन्हा मोजा. नवीन दोर पहिल्या काही वेळा थोडा लांबतो, ते ठीक. पण वापरातला दोर दर वेळी आणखी लांबच होत असेल किंवा त्याचे धागे फुगून तुटलेले दिसत असतील, तर तो डोंग्यावरून काढा.

आणि एक. ताणलेल्या नायलॉनमध्ये रबरासारखाच जोर साठलेला असतो. तो तुटला की टोक चाबकासारखं मागे येतं आणि डोळा फोडू शकतं. अडकलेलं जाळं किंवा डोंगा ओढताना दोराच्या सरळ रेषेत कोणी उभं राहू नये, पोरांना तर बाजूलाच ठेवा.