सोळा की बत्तीस? पालकांस एक स्पष्ट मसलत

प्रवेशफेऱ्यांचे निकाल जाहीर होऊ लागले, की सिडकोपासून वाळूजपर्यंतच्या पालकांचा एकच सवाल माझ्याकडे येऊ लागतो : पाल्यासाठी लॅपटॉप घ्यावयाचा आहे, त्यात १६ जीबी रॅम पुरेल, की ३२ घेणेच इष्ट? विचारणाऱ्याच्या हाती बहुधा वरच्या वर्गातील कोणी लिहून दिलेली यादी असते, आणि त्यातला आकडा कमी केला तर मुलाच्या भवितव्यात आपणच न्यून ठेवू, अशी धास्ती मनात असते. माझे उत्तर असे, की बहुसंख्य विद्यार्थ्यांस १६ पुरते, मात्र ते पुढे वाढविता येण्याजोगे असावे.

वाणिज्य, विधी वा कला शाखेच्या विद्यार्थ्याने या वादात पडूच नये. त्याला १६ विपुल आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षालाही तेच लागू. ज्याला फोर-के चित्रफितींचे संपादन नियमित करावयाचे आहे, किंवा अँड्रॉइड स्टुडिओ व त्याचा एम्युलेटर दिवसभर चालवावयाचा आहे, त्याने खुशाल ३२ घ्यावे. प्रीमिअर प्रोसाठी अडोबीची स्वतःचीच शिफारस एचडी कामास १६ आणि फोर-के कामास ३२ अशी आहे.

प्रश्न उरतो तो मधल्यांचा. उदाहरणादाखल डिझाइनच्या प्रथम वर्षाची एखादी विद्यार्थिनी घ्या. ब्राउझरमध्ये पंचवीसेक टॅब, एक ऑनलाइन तास, शेजारी वर्ड, आणि फोटोशॉपमध्ये एक पोस्टर, असा तिचा रोजचा कारभार. ठोकळ हिशेबाने विंडोज व तिची पार्श्वभूमीतील कामे ४ जीबी घेतील, टॅब ४ ते ५, तास व वर्ड मिळून दीड, फोटोशॉप ३. बेरीज तेराच्या आसपास येते. ग्राफिक्ससाठी वेगळे कार्ड नसेल तर तेही याच रॅममधून थोडा वाटा उचलते. म्हणजे १६ मध्ये काम निभते, पण फार मोकळी जागा राहत नाही. हीच मुलगी अनेक थरांच्या दोन-तीन मोठ्या फाइली एकदम उघडू लागली, तर हिशेब कोलमडेल.

तो कोलमडला की नाही, हे तर्काने नव्हे, मोजून ठरवावे. नेहमीची सारी कामे उघडी ठेवून Ctrl+Shift+Esc दाबावे, Task Manager मधील Performance आणि त्यातील Memory येथे जावे, व Available पुढील आकडा पाहावा. केवळ ७०-८० टक्के वापर दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रॅम रिकामी ठेवण्यासाठी नसतेच, आणि जास्त रॅम मिळाली की ब्राउझरही अधिक सैल हाताने ती वापरतो. खरी टंचाई असते तेव्हा Available एक जीबीच्याही खाली जाते, एका खिडकीतून दुसरीत जाताना यंत्र अडखळते, आणि त्याच क्षणी Disk चा आलेख वर चढतो, कारण रॅममध्ये न मावलेला मजकूर डिस्कवर ने-आण होत असतो. ही तिन्ही लक्षणे रोज एकत्र दिसू लागली, तरच ३२ ची गरज सिद्ध झाली असे समजावे. टॅब मिटताच अडखळणे थांबत असेल, तर तूर्त टॅब मिटावेत.

आता ज्याकडे कोणी पाहत नाही, तो मुद्दा. पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तपशीलपत्रकात बहुधा एलपीडीडीआर असे लिहिलेले असते, आणि ती पुढे वाढविता येत नाही. काहींत मात्र दोन स्लॉट असतात. अशा यंत्रात १६ जीबीचे एकच मॉड्यूल व दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर पुढे दुसरे १६ बसविले की ३२ झाले; आठ-आठची जोडी असेल, तर ती दोन्ही काढून टाकावी लागतात. जोडीचा एक लाभ आहे : वेगळे कार्ड नसलेल्या यंत्रात ग्राफिक्सचे काम तिच्याने अधिक जलद होते. तरीही जिचा अभ्यासक्रम कोठे वळेल हे ठाऊक नाही, त्या विद्यार्थिनीस मी रिकामा स्लॉटच सुचवीन. दुकानात चालू यंत्राच्या त्याच Memory पानावर Slots used पुढे 1 of 2 दिसते का, हे पाहावे, आणि दुसरा स्लॉट ग्राहकाला खरोखर वापरता येतो, याची खातरजमा दुकानदाराकडून लेखी करून घ्यावी. रॅमचे दर चढतात तसे उतरतात. म्हणून पुढे स्वस्त मिळेल या आशेवर नव्हे, गरज सिद्ध होईपर्यंत पैसा अडकू नये एवढ्यासाठीच ही तजवीज. सोल्डर केलेलेच यंत्र पसंत असेल आणि संपादनाकडे कल उघड दिसत असेल, तर मात्र ३२ आजच घ्यावे. तेथे चूक दुरुस्त होत नाही.

पालकांना शेवटी कटू वाटेल ते सांगतो. हप्ते काढून ३२ जीबीचे यंत्र आणणारा बाप पुष्कळदा त्या आकड्याचा दाखला देऊन मुलीकडून निकाल मागू लागतो. तिला चित्रे रेखाटावयाची असतात, पण एवढे महाग यंत्र घेतले आहे तर प्रोग्रॅमिंगच शीक, असा हुकूम सुटतो. यंत्राच्या किमतीवरून शाखा ठरविणे हा उलटा न्याय आहे. आधी अभ्यासक्रम मुलीने ठरवावा, मग महाविद्यालयाकडून पहिल्या वर्षाच्या सॉफ्टवेअरची यादी मागवावी, आणि तिसऱ्या क्रमांकावर दुकान. हा क्रम पाळणे ज्यांना जमत नाही, त्यांनी रॅमविषयी मला विचारूच नये.