स्वस्त मोटरचा हिशेब

कुडव्याच्या आमच्या राइस मिलमध्ये दोन भागीदार आहेत, मी आणि माझे साडू. खरेदी त्यांच्याकडे, लाइट बिल आणि वही माझ्याकडे. कामाच्या या वाटणीतच पुढचं सगळं भांडण दडलेलं होतं. वस्तू घेताना कमी पैसे मोजले की शाबासकी खरेदी करणाऱ्याला मिळते आणि ती वस्तू पुढे वर्षानुवर्षं जे खात राहते, ते बिल भरणाऱ्याच्या नावावर पडतं. हे मी तेव्हाच बोललो होतो. कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला केलेला हिशेब आजही फायलीत आहे.

लाइन शाफ्ट फिरवणारी 20 एचपीची जुनी मोटर ऐन हंगामाच्या तोंडावर जळाली. आधी बऱ्याचदा रिवाइंड झालेली होती, त्यामुळे ती पुन्हा भरण्यात अर्थ नाही यावर आमचं एकमत झालं. नव्या आयई 3 दर्जाच्या मोटरचं कोटेशन आलं 72,000 रुपयांचं. साडूंनी नागपूरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून 27,000 ची मोटर ठरवली. रंग ताजा होता आणि प्लेट घासून गुळगुळीत केलेली होती. मी प्लेटबद्दल विचारलं, तर व्यापारी म्हणाला, “साहेब, प्लेट फिरते का? मोटर फिरते.” साडू मनापासून हसले. 45,000 वाचले म्हणून त्या संध्याकाळी समोसे आले.

माझा कागदावरचा हिशेब काही अवघड नव्हता. 20 एचपी म्हणजे 15 किलोवॅट. आमच्या शाफ्टवर शेलर, पॉलिशर, एलिव्हेटर आणि ब्लोअर मिळून साधारण पाऊण भार पडतो, म्हणजे सव्वाअकरा किलोवॅट. या मापाच्या चार पोलच्या आयई 3 मोटरची कार्यक्षमता पूर्ण भारावर 92.1 टक्के असते आणि पाऊण भारावर ती फारशी घसरत नाही. तेवढं काम करून घ्यायला ती मोटर तासाला साधारण 12.2 युनिट ओढणार. खरीप आणि उन्हाळी धान मिळून आमची मिल वर्षाला दोनेक हजार तास चालते आणि सगळे आकार धरून युनिट आम्हाला नऊ रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे वर्षाची वीज जवळपास दोन लाख वीस हजारांची. चांगल्यातली चांगली मोटर घेतली तरी तिची किंमत चार महिन्यांच्या विजेइतकी असते, आणि ती दहा वर्षं चालली तर दहा वर्षांच्या विजेपुढे ती किंमत तीन-सव्वातीन टक्क्यांवर येते. आम्ही घासाघीस करत होतो ती या तीन टक्क्यांवर. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

साडूंचं म्हणणं, “मोटर म्हणजे मोटर, वीज सगळ्याच खातात.”

मी एक गोष्ट मात्र माझ्या अधिकारात केली. मोटरच्या स्टार्टरआधी वेगळं थ्री फेज मीटर बसवलं आणि रोज संध्याकाळी युनिट आणि भरडलेले क्विंटल शेजारी-शेजारी लिहू लागलो. कुणाला काही पटवायचं असेल तर हेच माप धरा. नुसत्या महिन्याच्या बिलावरून काही कळत नाही, कारण एका महिन्यात धान जास्त येतो, दुसऱ्यात कमी. क्विंटलमागे युनिट काढलं की सबबी संपतात. धान ओला किंवा जाड असेल तर आकडा थोडा हलतो, म्हणून एकाच वाणाचे दिवस निवडून तुलना करावी. या स्वस्त मोटरवर आमचा आकडा दीडच्या जवळ होता.

मधल्या काळात एक वायरमन क्लॅम्प मीटर लावून गेला आणि “अँपिअर बरोबर आहेत, काही गडबड नाही” असं सांगून गेला. साडूंनी ते वाक्य महिनाभर मला ऐकवलं. अँपिअर म्हणजे वीजवापर नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होतं, पण ऐकणार कोण. क्लॅम्प मीटर फक्त प्रवाह दाखवतं. त्यातला किती प्रवाह खरं काम करतो आणि किती नुसता येरझारा घालतो, हे पॉवर फॅक्टरवर ठरतं. लोखंडी गाभा बिघडलेल्या मोटरमध्ये बिनभाराचे वॅट बरेच वाढतात, पण अँपिअर त्या मानाने फार कमी वाढतात. गाभा बिघडतो तो बहुधा रिवाइंडिंगच्या दुकानात. जुनी तार सैल व्हावी म्हणून गाभा उघड्या आगीवर तापवतात आणि पातळ पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळून जातो. मग पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात आणि मोटर आतल्या आत तापत राहते. तापमान सांभाळून, नीट तार काढणारा कारागीर असेल तर रिवाइंड केलेल्या मोटरची कार्यक्षमता जवळजवळ तशीच राहते. म्हणून रिवाइंडिंगला सरसकट नावं ठेवू नयेत. गाभ्याची खात्री करायची तर पट्टा काढून मोटर तासभर रिकामी चालवा. भार नसताना अंगाला हात लागणार नाही इतकी ती तापली, तर समजा गाभ्यात दुखणं आहे.

एक पूर्ण वर्षाचा हंगाम आणि दुसऱ्याचा अर्धा, एवढंच त्या मोटरने आयुष्य काढलं. जानेवारीत, बाहेर भरडाईच्या धानाचे ट्रक उभे असताना, ती जळाली. वास आधी पॉलिशरपाशी आला, धूर नंतर दिसला. रिवाइंडवाल्याने शेवटचं झाकण काढलं आणि वाइंडिंगच्या टोकाला ब्लेडने एक ओरखडा काढला. वरून तार तांबूस दिसत होती, ते वार्निश होतं. खाली पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम निघालं. त्याने काही न बोलता ती तार साडूंच्या हातात दिली. ते बराच वेळ ती नखाने खरवडत राहिले, जणू अजून खाली कुठे तांबं लागेल.

तांब्याच्या जागी त्याच खाचांत ॲल्युमिनियम भरलं की तारेचा रोध साधारण दीडपटीहून जास्त होतो. तेवढी उष्णता वाढते, आणि ती उष्णता आपण नऊ रुपये युनिटने विकत घेत असतो. व्यापाऱ्याला फोन केला. आधी म्हणाला, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल. आमच्या मीटरवर तिन्ही फेज चारशेच्या वर होत्या, हे सांगितलं. मग म्हणाला, गॅरंटी वाइंडिंगची नसते. मग गॅरंटी कशाची, रंगाची? तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही. बिलावर ‘जुनी मोटर, 1 नग’ एवढंच लिहिलेलं, त्यामुळे पुढे जायला वाटच नव्हती. जुना माल घेणार असाल तर बिलावर ‘तांब्याचं वाइंडिंग’ असं लिहून घ्या. लिहायला नकार दिला की उत्तर मिळालं. टर्मिनल बॉक्स उघडून खात्री करू नका, बाहेर आलेल्या लीड तांब्याच्या असू शकतात. घरच्या मल्टिमीटरनेही हे कळत नाही, एवढा लहान रोध त्याला नीट मोजता येत नाही. मिलीओहम मोजणारं यंत्र असलेल्या दुकानात मोटर न्यावी लागते.

शेवटी 72,000 ची मोटर आलीच, फक्त दीड हंगाम उशिरा. ती बसवल्यावर एक गोष्ट आडवी आली, तीही सांगतो. चांगल्या मोटरचा वेग किंचित जास्त असतो. जुनी 1440 च्या आसपास फिरायची, ही 1465 च्या. फरक दोन टक्क्यांहूनही कमी, पण ब्लोअरची वीज वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे सुमारे पाच टक्के. शिवाय ओढ वाढल्यामुळे तुसासोबत थोडी कणी बाहेर जाताना दिसली. साडू लगेच म्हणाले, पाहा तुमची महागडी मोटर. मोटरची पुली थोडी लहान करून घेतली आणि शाफ्टचा वेग पूर्वीइतका आणला. त्यानंतरचं माप घेतलं तेव्हा तासाला 1.2 युनिटचा फरक निघाला. क्विंटलमागे आकडा 1.36 वर आला.

आता वही. स्वस्त मोटर तीन हजार तास चालली. तिची किंमत 27,000, जास्तीची वीज 32,400, भंगारात आले चार हजार. भंगारवाल्यानेही ॲल्युमिनियम पाहून भाव पाडला. तांबं असतं तर वाइंडिंगचेच जास्त आले असते. निव्वळ 55,400 गेले. त्याच तीन हजार तासांसाठी नव्या मोटरची झीज, दहा वर्षं धरून, 10,800 होते. मिल बंद होती त्या दिवसांची हमालांची मजुरी आणि ट्रकवाल्यांची बोलणी मी यात धरलेली नाहीत. धरली की साडू म्हणतात, तुम्ही हवे तसे आकडे फुगवता.

कर्ज काढून घेणाऱ्यांसाठी एक जास्तीचा मुद्दा. पुढच्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. वर्षाला 21,600 वाचतात म्हणून दहा वर्षांचे दोन लाख सोळा हजार धरू नका. दहा टक्के व्याजदर धरला तर दहा वर्षांसाठी एका वर्षाच्या बचतीला 6.14 ने गुणायचं, म्हणजे आजच्या भावाने साधारण 1,32,600. जास्तीचे दिलेले 45,000 वजा केले तरी भरपूर उरतं. विकणारा तुम्हाला पहिला, मोठा आकडा दाखवेल. तेव्हा तोही तपासा. नवी मोटर विकणारे काही संत नसतात.

आणि हा हिशेब सगळीकडे लावू नका. तासाला 10 रुपये 80 पैसे वाचवून 45,000 भरून यायला सुमारे 4,170 तास लागतात. आम्हाला ते दोन वर्षांच्या थोडं पुढे पडतात. वर्षाला तीनशे तास चालणाऱ्या यंत्राला तेच चौदा वर्षं लागतील, तोवर ते यंत्रच बदललेलं असेल. कणीच्या छोट्या एलिव्हेटरसाठी आम्ही परवाच जुनी मोटर घेतली, आणि ती घ्या असं मीच म्हणालो. या वेळी साडूंनी झाकण उघडायला लावून बिलावर तांबं लिहून घेतलं, आणि घरी येऊन ही युक्ती आपलीच असल्यासारखी सगळ्यांना सांगितली.